रात्री एकचा कॉरिडॉर

"अगं, रात्रभर वॉर्डात पळतेसच की. मग वेगळा व्यायाम कशाला?"

मिरजेहून वहिनीचा हा व्हॉइस मेसेज. ती स्वतः सिस्टर, बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली, तेव्हा तिला उडवून लावायची सोय नाही. इथे इंग्लंडातही नाइटला पायाचे तुकडे पडतात, हे खरंच. पण चालून चालून माझे पाय फक्त चालायलाच सरावले होते. गेल्या हिवाळ्यात एका जाडजूड आजोबांना कुशीवर वळवताना कंबरेत कळ आली. दुसऱ्या दिवशी घरी हात न टेकता खुर्चीतून उठून पाहिलं, तर पाचव्या खेपेलाच गुडघे लटपटले.

आमच्या फिजिओबाई म्हणाल्या, "रोज तेवढंच ओझं उचललंस तर शरीर तेवढ्यावरच थांबतं. थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं." आणि वर दम दिला, की अंगात ताकद आली म्हणून पेशंट हाताने उचलायचा नाही. पेशंट उचलायचं यंत्र, म्हणजे होइस्ट आहे, सरकवायला निसरडी स्लाइड शीट आहे, ती वापरायची.

ड्युटी संध्याकाळी साडेसात ते सकाळी आठ. एकच्या सुमारास पहिला ब्रेक मिळतो. त्यातली बारा मिनिटं मी कॉरिडॉरच्या टोकाला काढते, फायर एक्झिट मोकळा ठेवून. आधी हात धुवायचे, मग भिंतीच्या रेलिंगवर तळवे टेकून तिरके पुशअप आठ. चाकं नसलेली खुर्ची भिंतीला लावून तिच्यावरून आठ वेळा उठबस. मग त्याच खुर्चीत पाय लांब करून बुटांच्या तळव्यांना रबरी पट्टा अडकवायचा आणि कोपरं मागे नेत आठ वेळा ओढायचा. पट्टा लेटेक्सचा नाही, कारण वॉर्डात कुणाला त्याची अ‍ॅलर्जी निघेल सांगता येत नाही. असे तीन फेरे, आणि शेवटी पुन्हा हात धुवायचे.

आठाचे बारा सलग दोन रात्री सहज जमले की खाली बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश बसायचं. तेही अंगवळणी पडलं की पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या दीड लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे तीन किलो. सॅकपर्यंत पोहोचायला मला दहा आठवडे लागले.

मध्ये एकदा आगाऊपणा केला. सलग तिसरी नाइट, पहिला ब्रेक बुडालेला, म्हणून पहाटे साडेचारला सुरुवात केली. खुर्चीतून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी. पोटात काही नाही आणि पहाटे शरीराचं तापमानही सर्वात खाली गेलेलं असतं. तेव्हापासून पहिल्या ब्रेकमध्येच, आणि तिसऱ्या रात्री काही नाही. मागच्या वेळेपेक्षा दोन कमी भरले, तर त्या दिवसापुरतं थांबायचं. माझ्यासोबतची घानाची सिस्टर मात्र पहाटेच पायऱ्या चढते आणि तिला काही होत नाही. का, ते मला ठाऊक नाही.

हे सगळं मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. काकांनी सूर्यनमस्काराचा व्हिडिओ धाडला, "आठवड्यात दोन किलो जातील." वजन कमी करायचंय असं मी कुठे म्हटलं होतं? वहिनीने एवढंच विचारलं, "तू ब्रेकला गेलीस की तुझे पेशंट कोण बघतं?"

प्रश्न खरा तिथेच होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा गावाकडे बारा तासांवर रान उठलं. मी तर बारा तास करतेच. इथल्या कायद्याने सहा तासांहून जास्त काम असेल तर सलग 20 मिनिटांची सुट्टी मिळते. पण ती कागदावर न राहण्याचं एकच कारण आहे : मी उठले की वॉर्डाच्या शेजारच्या भागातली सिस्टर माझे पेशंट सांभाळते, आणि तिच्या वेळेला मी तिचे. तासांवर भांडणाऱ्यांपैकी आपल्या जागी उभ्या राहणाऱ्या या माणसाबद्दल फारसं कुणी बोललेलं मला दिसलं नाही. इथेही माणूस कमी असलेल्या रात्री पट्टा बॅगेतच राहतो, महिन्यातून तीनचार वेळा तरी.

"माझ्याकडे रात्री अख्खा वॉर्ड आणि मी एकटी," वहिनी म्हणाली. यावर मी काय बोलणार?

काल तिचा पुन्हा मेसेज आला. ड्युटी रूममधल्या खुर्चीला हात आहेत, चालतील का? म्हटलं, चालतील, चाकं नसली म्हणजे झालं.