बिनवासाची फवारणी आणि घरातली नाजूक माणसे

«हल्लीचे पेस्ट कंट्रोल हर्बल आणि बिनवासाचे असते. गरोदर बाई, बाळ, आजी-आजोबा, दमेकरी, कुणीही घर सोडायची गरज नाही. शेजारच्या खोलीत दार लावून बसावे. फवारणी झाली की लगेच सगळी फरशी फिनाइलने पुसून घ्या.»

असे सांगितले जाते, पण ते धोक्याचे आहे. पूर्वीच्या फवारणीचा उग्र दर्प बहुतांशी औषध ज्या रॉकेलसारख्या द्रावकात मिसळलेले असे, त्याचा होता. पाण्यात मिसळणारी औषधे आली आणि दर्प गेला. परंतु सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही कीटकनाशके तीच राहिली, आणि ती कडाकोपऱ्यांत कित्येक आठवडे टिकावीत याच हेतूने मारली जातात. ‘हर्बल’ या शब्दावर दमेकऱ्याने तर विसंबूच नये, कारण शेवंतीच्या कुळातील फुलांपासून काढलेल्या पायरेथ्रममुळेही दमा उसळू शकतो. त्यापेक्षा मूळ बाटली मागून पाहावी. तिच्यावरील शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकोनाचा खालचा भाग लाल असेल तर औषध सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरव्याचा अर्थही ‘कमी विषारी’ एवढाच.

दाराखालच्या फटीतून तुषार आणि वाफ येतात, म्हणून शेजारची खोली हा आडोसा नव्हे. मी पेस्ट कंट्रोलचे काम करतो. एका दोन खोल्यांच्या घरात सहा महिन्यांची गरोदर सून, रांगणारे बाळ आणि दम्याचे आजोबा होते. स्वयंपाकघरातल्या झुरळांसाठी आम्ही फवारलेच नाही. बिजागऱ्यांत आणि फ्रिजमागे, बाळाचा हात पोहोचणार नाही अशा जागी, जेलचे मसुराएवढे ठिपके लावले. ढेकणांसाठी मात्र पलंगाच्या सांध्यांत फवारणी अटळ होती. आदल्या रात्री अंथरूण-पांघरूण, खेळणी, टूथब्रश आणि पिण्याचे पाणी हलवले, आजोबांनी इनहेलर खिशात ठेवला आणि तिघेही नातेवाइकांकडे गेले. सहा तासांनी धडधाकट मुलाने एकट्याने येऊन खिडक्या उघडल्या, दोन तास पंखे चालवले, आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी परतले. लेबलवर याहून अधिक वेळ लिहिला असेल, तर तोच पाळावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हलवता येत नसेल, तर त्या खोलीत फवारणी करूच नये.

सगळी फरशी पुसली की कडेचे औषध निघून जाते, पण मुळीच न पुसणे बाळाला घातक, कारण ते फरशीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. म्हणून मधला भाग आणि हात लागणारे फर्निचर साबणाच्या पाण्याने पुसावे, भिंतीलगतची वीतभर पट्टी सोडावी आणि बाळाला त्या पट्टीपासून दूर ठेवावे. फिनाइलचा वासही दमेकऱ्याला सोसत नाही. मेलेली झुरळे ओल्या फडक्याने उचलावीत. झाडूने त्यांचा भुगा हवेत उडतो आणि तोही दमा उसळवतो.

परतल्यावर छातीत घरघर सुरू झाली, तर आधी मोकळ्या हवेत जावे, डॉक्टरांनी दिलेला तातडीचा इनहेलर घ्यावा आणि आराम न पडल्यास थेट रुग्णालय गाठावे. बाळाच्या पोटात औषध गेल्याची शंका असेल तर त्याला उलटी करवू नये. लेबलचा फोटो सोबत न्यावा, आणि म्हणूनच तो कामगार जाण्यापूर्वी काढून ठेवावा.