पाच दिवसांचा लीड इम्प्लिमेंटर आणि चौदा माणसांची कंपनी

आज पुन्हा ती जाहिरात समोर आली. पाच दिवसांत आयएसओ २७००१ लीड इम्प्लिमेंटर व्हा, म्हणजे माहिती सुरक्षेचं हे मानक कंपन्यांत राबवून देणारा माणूस, आणि लगेच कन्सल्टन्सी सुरू करा म्हणे. एरवी पुढे सरकले असते, पण आज पर्वरीच्या एका छोट्या कंपनीची फाइल वाचून डोकं तापलेलं होतं.

कंपनी चौदा जणांची. आपल्याकडच्या हॉटेलांसाठी आणि होमस्टेंसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवते. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याला २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, त्यामुळे पासपोर्टच्या स्कॅन केलेल्या प्रती याच सॉफ्टवेअरमध्ये साठतात. एका मोठ्या ग्राहकाने आयएसओचं सर्टिफिकेट मागितलं, म्हणून यांनी कन्सल्टंट नेमला. त्याच्या कार्डावर ठळक अक्षरांत लीड इम्प्लिमेंटर.

त्याने दिलेल्या रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे जोखमींच्या यादीत, पहिली जोखीम डेटा सेंटरला भूकंपाची, दुसरी सर्व्हर रूमला आगीची. या कंपनीला सर्व्हर रूमच नाही, सगळं भाड्याच्या क्लाउडवर! पासपोर्ट हा शब्द अख्ख्या रजिस्टरमध्ये एकदाही नाही. जोखमीचा मालक म्हणून प्रत्येक ओळीत ‘आयटी मॅनेजर’, आणि असा माणूस कंपनीत नाहीच. जोखमीवरचा उपाय आणि उरलेली जोखीम त्या जोखमीच्या मालकाने मान्य करायची असते. इथे ती कोणी मान्य केली?

खरा संताप मला एसओए बघून आला, म्हणजे स्टेटमेंट ऑफ अ‍ॅप्लिकेबिलिटी. कुठले कंट्रोल्स, म्हणजे सुरक्षेचे उपाय, लागू आणि कुठले नाहीत याचा तक्ता. मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत परिशिष्टात असे ९३ कंट्रोल्स आहेत. त्यातलं ८.३० बाहेरून करून घेतलेल्या डेव्हलपमेंटचं, आणि त्यापुढे या भल्या माणसाने लिहिलंय ‘लागू नाही’. प्रत्यक्षात अर्धा कोड दोन मुलं कंत्राटावर लिहितात, एक म्हापशाला घरी बसून, दुसरा सावंतवाडीला. त्यातल्या एकाच्या लॅपटॉपवर टेस्टिंगसाठी चालू डेटाबेसची पूर्ण प्रत आहे, पासपोर्टांसकट. मालकाला विचारलं तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं. कन्सल्टंटने त्याला विचारलंच नव्हतं.

हे असं होतं कारण काम उलट्या बाजूने केलं जातं. आधी आपल्या कंपनीच्या जोखमी शोधायच्या, मग उपाय ठरवायचे, मग काही सुटलं का ते परिशिष्टाशी ताडून बघायचं, आणि त्यातून एसओए तयार होतो. यांनी आधी दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा तक्ता आणला आणि त्याला शोभतील अशा जोखमी मागून लिहिल्या. ओळखायचं असेल तर एसओएमधली ‘लागू’ लिहिलेली कुठलीही ओळ धरा आणि विचारा, ही कुठल्या जोखमीमुळे आली? या फाइलमध्ये एकाही ओळीचं उत्तर मिळालं नाही.

ठीक आहे, तयार नमुने लागतात, मीही वापरते. आणि छोट्या कंपनीला पुण्या-मुंबईची मोठी फर्म परवडत नाही हेही खरं.

त्या कन्सल्टंट मुलाशी फोनवर बोलले तेव्हा राग थोडा ओसरला. फोंड्याचा मुलगा, बोलायला नम्र. कलमं त्याला पाठ आहेत. पण कंपनीत बसून चार माणसांना प्रश्न विचारायचे असतात, हे त्याला कोणी करून दाखवलेलंच नाही. पीईसीबीसारखी ही प्रमाणपत्रं देणारी संस्था नुसती परीक्षा पास होणाऱ्याला प्रोव्हिजनल म्हणते. लीड इम्प्लिमेंटरसाठी ती पाच वर्षांचा अनुभव मागते, त्यातली दोन माहिती सुरक्षेतली, शिवाय ३०० तासांचं प्रत्यक्ष प्रकल्पाचं काम. जाहिरातीत यातलं अक्षर नाही. क्लासवाले फी घेऊन मोकळे, आणि पैसे बुडतात त्या चौदा जणांचे. हे लिहिताना पुन्हा चिडतेय.

‘ताई, एवढे पैसे दिले, आता काय?’ मालक विचारत होता. ऑडिटच्या पहिल्या टप्प्यात कागद तपासतात, दुसऱ्यात माणसांशी बोलतात. तिथे सावंतवाडीच्या मुलाचं नाव निघालं की ‘लागू नाही’ ही ओळ टिकणारच नाही. म्हणून तारीख पुढे ढकलायला सांगितली.

उपाय महागडे नाहीत. टेस्टिंगसाठी खोट्या नावांचा डेटा बनवायचा, म्हणजे ८.३३चा, टेस्टिंगच्या डेटाच्या कंट्रोलचा, प्रश्न मिटतो. लॅपटॉपवरची प्रत पुसायची आणि पुसल्याची नोंद ठेवायची. कंत्राटात गुप्ततेचं कलम घालायचं, आणि काम सुटेल त्याच दिवशी अ‍ॅक्सेस बंद करायचा. पाहुणा गेल्यावर पासपोर्ट किती दिवस ठेवायचा, हे मात्र हॉटेलवाल्यांशी बोलून ठरवावं लागेल. त्याला वेळ जाईल.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशी फाइल आली असेल त्यांनी सही करण्याआधी ८.३०ची ओळ काढून बघा. त्यापुढे ‘लागू नाही’ असेल आणि तुमचा कोड बाहेरचा कोणी लिहीत असेल, तर कन्सल्टंटचा शेवटचा हप्ता थांबवा.