घैर्यशील

माझे साडेतीनशे रुपये अजून आलेले नाहीत, हे आधीच सांगते. म्हणजे पुढे कुठे मी खवचट वाटले तर कारण शोधायला नको.

सांगलीतलं लग्नघर, मेंदीचं काम. नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत, पाय घोट्याच्या वर चार बोटं. सकाळी दहाला बसले होते, साडेतीन वाजता डाव्या तळहाताच्या मधोमध नावापुरती जागा राहिली. नवरीला म्हटलं, "नाव सांग." ती लाजून म्हणाली, "धैर्यशील."

मी कोन खाली ठेवला आणि पाणी मागितलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नाव काय, लिहिलं की झालं. उत्साहाने मुलांची नावं ठेवणाऱ्या आईबापांना एकदा हातात कोन द्यायला हवा. 'नील' ठेवा, 'राज' ठेवा, तुमचे उपकार होतील. 'धैर्यशील'मध्ये ध आहे, त्याच्यावर दोन मात्रा, शेजारच्या य वर रफार, त्याला लागून श वर दीर्घ वेलांटीची कमान. म्हणजे खाली चार अक्षरं आणि वर माळ्यावर हे एवढं सामान. हे सगळं बसवायचं कुठे, तर हृदयरेषा आणि मस्तकरेषा यांच्या मधल्या बोटभर पट्टीत. कारण नाव घडीवर आलं की मेलं. हात मिटला की ओली मेंदी घडीच्या दोन्ही काठांना लागते आणि एकाची दोन अक्षरं होतात.

त्यात ध हा माझा जुना वैरी. ध आणि घ यांच्यात फरक किती, तर डोक्यावरची गाठ आणि तिथे तुटलेली शिरोरेषा. भ आणि म यांचंही तेच. कागदावर पेनाची रेघ जिथे काढू तिथे राहते. कोनातून बाहेर पडते ती रेघ नसते, शेवई असते. टेकली की जरा पसरते. गाठीच्या आत मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी जागा सोडली नाही, तर ती बुजून नुसता गोळा होतो. शिरोरेषेतली फट नखाएवढी ठेवली नाही, तर तीही पसरून जुळते. आणि धैर्यशीलचा 'धै'! त्याच्या दोन्ही मात्रा डावीकडे कलून नेमक्या त्या फटीवर छत धरतात.

मी नवा कोन घेतला. बारीक कामाचा कोन मी वेगळा ठेवते. त्यातली मेंदी दोनदा वस्त्रगाळ केलेली असते, कारण एक गुठळी टोकाशी अडकली की दाबावं तर फचकन सगळं बाहेर. साखरही चिमूट जास्त घालते. साखरेने मेंदीला धागा धरतो. मग कोन हाताला घासत न्यायचा नाही. टोक एका ठिकाणी टेकवायचं, वर उचलायचं, धागा हवेत लोंबला की हवा तिथे अलगद निजवायचा. शिरोरेषा अशीच टाकतात. टाचणी काढली, टोकाचं केसभर कापलं, श्वास धरला.

"शिरोरेषा आधी?"

मागून आवाज आला. वळून बघते तर नवरदेवाची आत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात चकलीची ताटली. चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. हे त्यांनी सांगितलं नाही, पण सांगायची गरज नव्हती.

"आधी अक्षर, मग शिरोरेषा," त्या म्हणाल्या. "पहिलीतल्या पोरालासुद्धा येतं."

म्हटलं, "आत्या, कागदावर तसंच. पण इथे अक्षरं ओली असतात. नंतर वरून रेघ ओढायला गेले की टोक अक्षरांच्या डोक्याला लागतं. म्हणून आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे. मोडीत नाही का, आधी पानभर रेघा आखून घ्यायचे आणि खाली लिहीत जायचे?"

मोडीचं नाव काढलं ही माझी चूक. पेशवे दफ्तराचा दाखला दिला की समोरचा गप्प बसतो असा माझा समज होता.

"मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत," आत्या म्हणाल्या. "तू शीलची वेलांटी दुसरी काढणार आहेस ना?"

"हो आत्या."

"मग मोडीचं मला सांगू नकोस."

एक चकली मोडली. मी काम सुरू केलं. तळहात ताणून धरला की सपाट दिसतो, सैल सोडला की वाटीसारखा होतो. ताणलेल्या हातावर सरळ ओढलेली रेघ मग धनुष्यासारखी वाकते. म्हणून मी नवरीला हात सैल ठेवायला लावते, उशीवर, बोटं जरा मिटलेली, आणि त्या वाटीतच रेघ टाकते. कोन वाटीत उतरवायचा म्हणजे मनगट टेकायला जागा नाही. करंगळी तिच्या करंगळीवर रेलून सगळं अधांतरी. अशा अवस्थेत मी धची गाठ घेतली, दांडा खाली आणला, मात्रा दिल्या आणि कमरेला हात लावून मागे झाले.

आत्या वाकल्या. त्यांनी मोठ्याने वाचलं. लग्नघरात सगळ्यांना ऐकू जावं असं.

"घै."

कुणीतरी हसलं. नवरी हसली नाही, तिचं तोंड एवढंसं झालं.

"घैर्यशील," आत्या म्हणाल्या. "कोण हा? आमच्याकडचा नाही."

मी निरखून पाहिलं. खरं सांगू? फट जुळली होती. केसाएवढी, पण जुळली होती. ओला इअरबड घेतला आणि तेवढा भाग टिपला. हे मिनिटाभरात केलं तर ठीक, पाच मिनिटांनी केलं तर खाली केशरी सावली राहते. तळहाताची कातडी जाड, ती रंग पटकन पिते. आतापर्यंत पाच जणींनी वाकून "घै" म्हणून बघितलं होतं, म्हणजे वेळ गेलाच होता. मी नवी फट मोठी केली आणि गाठीला बाहेरून एक चिमुकला झोका देऊन कुयरीचं टोक केलं. ध सुटला.

"हे काय, पान का?" आत्या.

"धची गाठ आहे, आत्या. नक्षीत बसावी म्हणून जरा वळवली."

"गाठ म्हणजे गाठ. आणि मात्रा? त्यापण पानं करणार?"

करणारच होते! मात्रांना पानं, रफाराला वेलीचा आकडा, वेलांटीला फांदी. नाव दडवायचं असतं ना, नवऱ्याला शोधायला लावायचं असतं. पण बाईंना नाव दडलेलंही हवं आणि फळ्यावर लिहिल्यासारखं स्पष्टही. आमच्या धंद्यात हे दोन्ही एका भावात मागतात. मागच्या डिसेंबरात एकीने प्रथमेश दोन हातांवर अर्धा-अर्धा काढायला लावला, हात जोडल्यावर जुळायला. स्वतःकडे तळवे केले की छान जुळायचं. फोटोग्राफरने तळवे कॅमेऱ्याकडे करायला सांगितले आणि अल्बममध्ये नवऱ्याचं नाव आलं 'मेशप्रथ'. दोष कुणाला? मलाच.

असो. य झाला, रफार झाला. श काढायला घेतला तर आत्या एकदम खूश.

"देठाचा काढ हो. आणि ल पाकळीचा. 2022 सालचा शासन निर्णयच आहे तसा. हिंदीचा ल घुसवू नकोस."

इथे मात्र माझं आणि महाराष्ट्र शासनाचं एकमत आहे. पाकळीचा ल म्हणजे दोन पाकळ्या आणि एक दांडी, मेंदीवाल्यांनीच काढला असावा इतका सोयीचा. देठाचा श तर सरळ कळी. मी आनंदाने काढले. पाच मिनिटं आम्ही दोघी एका पक्षात होतो. त्यांनी मला चकलीपण दिली. हातात कोन होता, म्हणून त्यांनी ती माझ्या तोंडातच कोंबली.

शेवटची वेलांटी राहिली होती. रेघ संपवायच्या आधीच अंगठ्याचा दाब सोडायचा असतो, नाहीतर कोनात साठलेला जोर मागून एक थेंब ओकतो. मी दाब सोडतच होते. तेवढ्यात आत्या "बघू बघू, दीर्घ आली का" म्हणून पुढे झुकल्या आणि त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागलं. वेलांटी नीट आली. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं, नवरीने पाहिलं. सगळ्यांनी वाचलं. धैर्यशील. आत्यांनी मान डोलावली, अगदी दहापैकी नऊ दिल्यासारखी.

मग हिशेब. दोन हात, दोन पाय, चार हजार ठरले होते. नवरीच्या काकांनी पाकिटात तीन हजार सहाशे पन्नास घातले. म्हणाले, "नाव पुसून काढावं लागलं ना, वेळ गेला आमचा." आमचा! पाठ माझी मोडली, डोळे माझे चुरचुरले, आणि वेळ गेला ह्यांचा. नावाचे मी वेगळे पैसे कधीच घेत नाही. चार तास वेलबुट्टी काढताना कुणी चष्मा लावत नाही, एक पाकळी कमी पडली तरी कुणाला कळत नाही. अक्षर काढलं की अख्खा गाव परीक्षक. फुकटच्या कामावर दंड बसलेली मी बहुधा जिल्ह्यात पहिलीच.

"बाकीचे पाठवतो," काका म्हणाले. मी लिंबू-साखरेचा बोळा कसा लावायचा ते सांगितलं, पाण्यात हात घालू नकोस म्हणून सांगितलं, आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी लग्न. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून फोटो आला. नवरीचा तळहात, रंग सुरेख चढलेला, काळपट तांबडा. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी कौतुक केलं. फोटो मोठा करून पाहिला. नावावर लाल वर्तुळ काढलेलं होतं. य च्या डोक्यावर, रफाराला चिकटून, एक टपोरा ठिपका.

खाली लिहिलं होतं: "धैर्यंशील. अनुस्वार कशासाठी? - आत्या."

मला ते कोपर आठवलं. मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी त्यांना एवढंच कळवलं, की ठिपका आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल, आणि माझा गूगल पे नंबर हाच आहे.

निळ्या टिका आल्या आहेत.