‘हम्म’ आलं म्हणून लगेच अनमॅच?

“जो एका शब्दात उत्तर देतो त्याला इंटरेस्ट नाही, विषय संपला. इंटरेस्ट असलेला माणूस कितीही बिझी असला तरी टाईम काढतोच. तीन ‘हम्म’ आले की उडवा, आणि उडवायच्या आधी सुनवा की बोलायचंच नव्हतं तर मॅच कशाला केलं.”

एकाच आठवड्यात माझ्या तीन ग्रुपवर डेटिंग ॲपवरच्या चॅटबद्दल हे येऊन पडलं, आणि एका मैत्रिणीने तर वाचून तिथल्या तिथे दोघांना उडवलं पण. थांबा जरा.

इंटरेस्ट नाही म्हणताय, तर आधी स्वतःचं चॅट वर सरकवून बघा. माझं हे होतं: “जेवलास का?” “हो.” “आज ऑफिस होतं?” “हो.” “कसा गेला दिवस?” “बरा.” आता यात त्याचं काय चुकलं सांगा, तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची बरोबर उत्तरं आली! “कसा गेला दिवस” हा मोठा प्रश्न वाटतो, पण आपल्याकडे त्याला “बरा” सोडून दुसरं उत्तर कोणी देतं का, माझे बाबासुद्धा तेच देतात. मग मी त्याच्या प्रोफाईलमधला फोटो उचलला, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर घामाघूम होऊन बसलेला, आणि विचारलं की दर रविवारी चढतोस का फोटोपुरता गेलेलास, आणि उतरल्यावर नाश्ता कुठे करतोस. उत्तर आलं, “फोटोपुरता नाही हां 😄 सेकंड शिफ्ट असली की सकाळी जातो. फर्स्टला नाही जमत. नंतर मिसळ, काळा रस्सा. तू चढली आहेस का कधी?”

माझ्यासाठी यातलं महत्त्वाचं वाक्य शेवटचं. शब्द मोजू नका, उलट प्रश्न येतो का ते बघा, आणि तोही आपल्याच बोलण्याला धरून. 2017 साली हार्वर्डच्या संशोधकांनी यावर काम केलंय, त्यात स्पीड डेटिंगमध्ये जे लोक समोरच्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारत होते त्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले. तुम्ही काहीही विचारा, आठवडाभर उलट एकही प्रश्न नाही, तर मग उत्तर चार ओळींचं असलं तरी मी त्याला कोरडंच म्हणेन.

‘टाईम काढतोच’ हे लिहिणाऱ्याने सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट केलेली दिसत नाही. मोबाईल लॉकरमध्ये, जेवणाच्या सुट्टीत हात धुवून दोन मिनिटं मिळतात, त्यात “हो” येतं. म्हणून उत्तर कधी आलंय ते बघा. दुपारी “हो” आणि रात्री चार ओळी, तर तो कामाचा परिणाम. रात्रीही “हो”, सुट्टीच्या दिवशीही “हो”, तर मग काम नाही, तुम्हाला कळलंय काय ते.

आता किती ताणायचं. तीन ‘हम्म’वाला हिशोब मला पटत नाही, कारण तिन्ही एकाच संध्याकाळचे असू शकतात आणि माणसाचं डोकंही दुखत असू शकतं. मी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन नीट प्रश्न विचारते, जेवलास का छाप नाही, आणि मग सरळ एक प्लॅन टाकते: रविवारी पाच वाजता, कॉलेज रोडला कॉफी, तासभर. “रविवारी नाही, शनिवारी चालेल” आलं तर माणूस फक्त कमी टाईप करणारा आहे. “बघू” आलं आणि पुढे दिवस नाही वेळ नाही, तर तो नकार समजायचा. मध्ये मी मेसेजची लांबीही वाढवत नाही, हे आधी केलंय मी, त्याची एक ओळ तर माझ्या दहा, आणि मग आपणच रात्री बारा वाजता ब्लू टिक बघत बसतो.

पांडवलेणीवाला शनिवारी आला, दीड तास मस्त बोलला. पुढे जमलं नाही ते वेगळ्याच कारणाने, त्याला पुण्याला शिफ्ट व्हायचंय आणि मला नाशिक सोडायचं नाही. दुसरा एक होता इंदिरानगरचा, त्याला दोन प्रश्न झाले, “छान”, “हो ना”, प्लॅनवर “बघू”, मग चार दिवस मीही गप्प आणि तोही.

आणि ते सुनवायचं प्रकरण तर मुळीच नको. तुमच्याशी बोलणं म्हणजे त्याने फेडायचं कर्ज नाही, आणि नाशिक केवढंसं आहे, तो स्क्रीनशॉट फिरत फिरत तुमच्याच मावसबहिणीकडे पोचेल. कोणी घाण बोललं असेल तर एक शब्द न लिहिता उडवा, तिथे शिष्टाचार नाही. बाकी एक ओळ पुरते. मी इंदिरानगरवाल्याला लिहिलं, “आपलं बोलणं काही जमत नाहीये बहुतेक, मी थांबते. ऑल द बेस्ट.”

दोन मिनिटांत उत्तर आलं. “ओके.”