सुपरवायझरच्या शिफारशीत सेटरचे आकडे पुरत नाहीत

ग्रुपवर फिरणारा मेसेज: "जो सर्वात जास्त जॉब काढतो आणि कधी खाडा करत नाही, तोच प्रमोशनला लायक. पत्रात त्याचे आकडे टाका, मेहनती-प्रामाणिक लिहा, काम झालं. पुढचं पदावर बसल्यावर शिकतोच माणूस."

आधी आकड्यांचं. ते खरेच असतात, पण सांगतात एवढंच की माणूस उत्तम सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, आहे. शिफारस मात्र शिफ्ट सुपरवायझरच्या पदासाठी असते, आणि तिथं दुसऱ्यांकडून काम करून घ्यायचं असतं. अमेरिकेतल्या 131 कंपन्यांच्या विक्री विभागांवरचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वात जास्त विकणाऱ्यालाच बढती देण्याकडे कल दिसला, पण अशांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी उलट कमी भरली. विक्री आणि मशीनशॉप एक नव्हे, हे मान्य. तरी धोका तोच आहे.

म्हणून पत्र लिहिण्याआधी सुपरवायझरकडून काय अपेक्षित आहे ते मांडावं, आणि एकेका अपेक्षेसमोर घडलेला प्रसंग लिहावा. समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये पंपाच्या कास्टिंगचा बोअर लहान येतोय आणि रिवर्क वाढलंय. बोअर म्हणजे आतलं भोक; ते कापणारं पातं, म्हणजे इन्सर्ट, झिजला की बोअर लहान होणारच. आपल्या सेटरनं स्वतःच्या मशीनचा ऑफसेट दुरुस्त केला, तर ते त्याचं आजचंच काम. पण त्यानं तिन्ही शिफ्टचे ऑपरेटर इन्सर्ट कधी बदलतात ते पाहिलं, प्रत्येकाची पद्धत वेगळी निघाली, मग सगळ्यांशी बोलून ठरावीक जॉबनंतर गेज लावायचं आणि इन्सर्ट बदलायचा असं ठरवलं. पुढं तो गावच्या जत्रेला रजेवर गेला, तेव्हाही रिवर्क वाढलं नाही. पत्रात हे शेवटचं वाक्य यायलाच हवं. तो नसताना काम नीट चाललं, हा वरच्या पदाचा पुरावा आहे.

'मेहनती, प्रामाणिक' हे शब्द शिपायापासून मॅनेजरपर्यंत कुणालाही लागू पडतात, त्यामुळे निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला विचारायचं असतं की कल्पना कुणाची होती, सेटरला सांगितलं गेलं की त्यानं स्वतः हेरलं, एकदाच झालं की पुन्हा पुन्हा. 'मदत केली' असं लिहिलं तर यातलं एकही उत्तर मिळत नाही.

राहिलं पदावर बसून शिकण्याचं. काही गोष्टी तशाच शिकाव्या लागतात, उदाहरणार्थ गैरहजेरी पाहून माणसं फिरवणं किंवा दोघांचं भांडण मिटवणं. पण अशी संधी त्याला दिलीच नसेल, तर तेही स्पष्ट लिहावं: 'शिफ्टचं नियोजन अजून केलेलं नाही, कारण ते काम त्याच्याकडे नव्हतं.' पुरावा नाही आणि कुवत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उणीव लपवलेलं पत्र पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं आणि नुकसान त्या पोराचं होतं. त्यापेक्षा सुपरवायझर रजेवर असताना शिफ्ट त्याच्या हाती द्यावी, हँडओव्हरची वही आणि रखडलेले जॉब पाहावेत, मग शिफारस लिहावी. बढतीच्या पुढच्या यादीपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल, पण का थांबवलं ते त्याला समोर बसवून सांगा.