स्टॅबिलायझर नाही, इथं सही करा

नवीन फ्रीज बसवायला आलेल्या पोराने परवा मला माझ्याच स्वयंपाकघरात, बायको, आई आणि शेजारचे तात्या यांच्यादेखत विचारलं, "काका, स्टॅबिलायझर कुठंय?" मी म्हटलं नाहीये. त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तान्ह्या पोराला टाकीवर बसवून हायवेला गाडी घातलीय. मग खिशातून पेन काढून फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "ग्राहकाकडे स्टॅबिलायझर नाही," आणि म्हणाला, इथं सही करा.

आता गंमत अशी की त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, फ्रीजच्या दारावर, त्याच्याच कंपनीचं स्टिकर होतं. स्टॅबिलायझरची गरज नाही, 140 ते 290 व्होल्ट. मी बोट ठेवून दाखवलं. तर म्हणतो, "ते कंपनी लिहिती ओ काका. आपल्याकडची लाइट कशी असती तुम्हाला माहितीय ना." म्हणजे दुकानात तेच स्टिकर दाखवून पैसे घ्यायचे आणि घरी आल्यावर तेच स्टिकर खोटं पाडून माझी सही घ्यायची. मी सही केली. दूध बाहेर होतं, काय करणार.

तात्यांना मात्र इतका आनंद झालेला मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. तात्या म्हणजे साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेला माणूस, त्यामुळे विजेतलं आपल्याला कळतं असं त्यांचं ठाम मत आहे. ते व्होल्टेज फॅनकडे बघून सांगतात. मान वर करायची, डोळे बारीक करायचे, "पाचवर लावलाय आणि हवा दोनची येतीय, एकशेऐंशी असणार." त्या दिवशी ते आधी फ्रीजच्या मागे गेले, वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"काय बघताय तात्या?"

"बॅटरी कुठंय?"

"कसली बॅटरी?"

"इन्व्हर्टरचा फ्रीज आहे म्हणतोस ना? पाणी कुठं घालायचं मग?"

त्यांना सांगितलं की हा तो इन्व्हर्टर नव्हे, लाइट गेली की हाही बंदच पडतो. यातला इन्व्हर्टर म्हणजे एक सर्किट. ते आलेल्या एसीचं आधी डीसी करतं आणि त्यातून कॉम्प्रेसरला लागेल तेवढ्याच वेगाचा करंट बनवून देतं. म्हणून बाहेरचं व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी त्याला फरक पडत नाही. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लाइट गेल्यावर बंद. मग काय उपयोग." आणि उठून गेले. मला वाटलं विषय संपला.

दहा मिनिटांत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेतल्यासारखं सांभाळत परत आले. स्टॅबिलायझर. पत्र्याची पेटी, पुढे काट्याचा मीटर, वरती काकूंनी विणलेला रुमाल तसाच. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीबरोबर घेतलेला, आख्खी गल्ली याच्यावर क्रिकेट बघायची, वगैरे. मी म्हटलं, तात्या, हा टीव्हीचा आहे. टीव्ही ओढतो पन्नास-साठ वॅट. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, ही पेटी जळेल.

"हळूहळू लावायचा."

"काय हळूहळू?"

"फ्रीज. आधी चार दिवस रिकामा चालवायचा, सवय होईपर्यंत. मग एकेक भाजी ठेवायची. एकदम भरला की लोड येतो."

मी बायकोकडे बघितलं, ती ओट्याकडे तोंड करून हसत होती. बसवायला आलेला पोरगा मात्र हसला नाही, तो गंभीरपणे म्हणाला, "काका बरोबर बोलत्यात, कायतरी लावाच."

मग मात्र माझं डोकं सटकलं. ऑनलाइन तीनएकशे रुपयांत प्लगमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो मागवला आणि फ्रीजच्याच बोर्डमध्ये, रिकाम्या सॉकेटला लावला. हे महत्त्वाचं आहे, कारण हॉलमधलं व्होल्टेज आणि स्वयंपाकघरातलं एकच असेल असं नाही. कॉम्प्रेसर किंवा मिक्सर सुरू होताना आकडा तिथल्या तिथे दहापंधराने आपटत असेल तर दोष बहुतेक घरातल्या वायरिंगचा, कुठलातरी स्क्रू ढिला. त्यावर स्टॅबिलायझर लावणं म्हणजे पैसे जाणार आणि तो स्क्रू आत गरम होत राहणार. आमच्याकडे दोनतीनच व्होल्ट हलले, म्हणजे घर निर्दोष. मग वेळ धरून आकडे बघितले. दुपारी 225 च्या आसपास. ज्या आठवड्यात शेतीची थ्री फेज संध्याकाळी येते तेव्हा सगळे पंप ऑटोवर असल्यामुळे एकदम उठतात आणि आमचा आकडा धाडकन 168 वर येतो. आणि पहाटे पंप बंद झाले की 256.

या आकड्यांवर नवीन फ्रीजचा निकाल दोन मिनिटांत लागतो. 168 पण 140 च्या वर आणि 256 पण 290 च्या खाली. त्याला चालायला स्टॅबिलायझर लागत नाही. उलट लावला तर नुकसान होऊ शकतं, हे मात्र कोणी सांगत नाही. स्टॅबिलायझरला स्वतःची लो कट असते. समजा एखाद्याची 170 आहे, तर 168 ला तो फ्रीज बंद करून टाकणार, जो फ्रीज बिचारा 140 पर्यंत चालायला तयार होता. परत लाइट सुधारली की तीन मिनिटं डिले. म्हणजे अडीच हजार घालून संध्याकाळभर आपणच फ्रीज बंद ठेवायचा. घ्यायचाच असेल तर त्याची खालची रेंज फ्रीजच्या खालच्या आकड्याखाली आहे का ते बघून घ्यावा, दुकानदार फक्त "तीनशे लिटरपर्यंत चालतो" एवढंच सांगतो.

पण आमच्याकडे दुसरा फ्रीज आहे ना. मागच्या पडवीत, एका दाराचा, जुना, दुधादह्याचा. दुकानदाराने एक्सचेंजमध्ये त्याचे अकराशे देतो म्हटल्यावर आई त्याच्याशी नंतर बोललीच नाही, तो फ्रीज राहिला. याच्यात सर्किट-बिर्किट काही नाही, सरळ मोटर. आणि अशा मोटरची सुरू होतानाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. 168 म्हणजे 230 च्या 73 टक्के, पण ताकद उरते 53 टक्के, जवळजवळ निम्मी. त्यात लाइट जाऊन लगेच आलेली असली की गॅसचं प्रेशर अजून उतरलेलं नसतं. मग ती उठतच नाही. कसं ओळखायचं, तर मागे कान लावायचा. हूंऽऽ असा आवाज, पाचदहा सेकंद, मग टक. तो टक म्हणजे ओव्हरलोडने मोटर तोडली. काही मिनिटांनी पुन्हा हूं, पुन्हा टक. आई वर्षभर म्हणत होती की संध्याकाळी हा फ्रीज "कण्हतो", आणि आम्ही तिला म्हणत होतो तू जरा टीव्हीचा आवाज कमी कर. प्रत्येक हूं मध्ये वाइंडिंग तापतं, आणि एक दिवस कॉम्प्रेसर जातो. तर याला स्टॅबिलायझर हवाच. 130 पासून उचलणारा, डिले असलेला घेतला. आतला ट्रान्सफॉर्मर रिलेने टॅप बदलत व्होल्टेज वर उचलतो, संध्याकाळी टकटक ऐकू येतं, पण ते आता पेटीतलं, मोटरचं नव्हे.

म्हणजे बारा वर्षांच्या अकराशेच्या फ्रीजला नवाकोरा स्टॅबिलायझर आणि चकचकीत नवीन फ्रीज उघडा. बायकोला हे अजिबात पटलेलं नाही. लोक काय म्हणतील हा भाग आहेच.

तिला खरी भीती मागच्या पावसाळ्याची आहे, आणि ती रास्त आहे. वाऱ्यात पोलावरचा न्यूट्रल सुटला होता. न्यूट्रल गेला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या गळ्यात पडतात, दोन फेजमधले चारशे व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात, ज्याचा लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त. आमच्याकडचे बल्ब पांढरेफटक आणि समोरच्यांकडे लालसर मिणमिणते, अशी अर्धी गल्ली. हे दिसलं की विचार करायचा नाही, मेन स्विच पाडायचा. आमचे दोन चार्जर आणि सेटटॉप बॉक्स तोपर्यंत गेले होते. तिथे 290 चं स्टिकर काय करणार? इन्व्हर्टर फ्रीजच्या पीसीबीवर एसीचं डीसी होतं तेव्हा आकडा दीडपटीच्या जरा खाली जातो, 290 चे 410. चारशे आले तर साडेपाचशेच्या वर, तिथला कपॅसिटर साधारण साडेचारशेचा. पीसीबी गेला की बिल हजारांत, आणि मग निघणार तो फॉर्म. माझी सही असलेला.

पण हा धोका हाय व्होल्टेजचा आहे, त्याला उचलणारं यंत्र नको, तोडणारं हवं. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून एमसीबीच्या डब्यात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला. वर 270, खाली 145, डिले 180 सेकंद. आख्खं घर त्याच्यामागे. वीज कोसळली तर हाही काही करणार नाही, स्टॅबिलायझरही नाही, तेव्हा प्लग काढायचाच. बाकी मला एक कळत नाही, पोलावरची तार सुटणार, डीपी ओव्हरलोड होणार, आणि त्याचा बंदोबस्त दर घराने आपापल्या डब्यात आपापल्या पैशाने करायचा, वर बिलात एक रुपया सूट नाही. फॉर्मवर सही मात्र आमचीच.

प्रोटेक्टरवर लाल आकडे दिसतात, त्यामुळे तात्यांचा फॅनवरचा विश्वास उडालाय. आता ते रोज संध्याकाळी येऊन डब्यासमोर उभे राहतात आणि गल्लीला बातमी देतात, "एकशेएकाहत्तर!" मग बायका दळण-मिक्सर पुढे ढकलतात. काल त्यांच्यासमोरच थ्री फेज आली आणि आकडा कोसळला. तात्या हळहळले, "लोकांनी ऑटो लावून ठेवलेत रे, सगळे पंप एकदम उठतात."

"तात्या, तुमच्या मळ्यातली पाचची मोटार?"

"ती पण ऑटोवरच आहे की."

"मग काढा ना ऑटो."

"काढतो. पुढच्या आठवड्यात लाइट रात्री दोनला आहे. साप-किरडातनं जाऊन मोटार कोण चालू करणार, तू?"

यावर मी काय बोलणार. ते थोडं थांबले, मग घरी जाऊन दुधाचं पातेलं घेऊन आले आणि आईच्या फ्रीजमध्ये ठेवून गेले. त्यांच्याकडचा फ्रीज संध्याकाळी उठत नाही म्हणे.