आकड्याची वायर आणि बोर्डाची जबाबदारी

"आकडा दुसऱ्यानेच टाकला होता, मग बोर्डाने का भरपाई द्यायची?"

हाच मुद्दा मध्य प्रदेश वीज मंडळाने सुप्रीम कोर्टात मांडला होता आणि 2002 मध्ये तो टिकला नाही. 1997 च्या ऑगस्टमधली रात्र, पाऊस पडून गेलेला, माणूस कारखान्यातून सायकलवर घरी निघालेला, रस्त्यावर पाणी त्यामुळे तिथे तुटून पडलेली जिवंत वायर दिसलीच नाही आणि जागीच गेला बिचारा. मंडळ म्हणालं, कुणीतरी चोरून वीज घ्यायला ओढलेली वायर होती, आमचा काय दोष. कोर्ट म्हणालं की एवढी धोकादायक गोष्ट तुम्ही चालवता तर निष्काळजीपणा सिद्ध व्हायची गरजच नाही, चोरी रोखणं पण तुमचंच काम, आणि वायर तुटल्यावर करंट आपोआप बंद का नाही झाला?

आता हा शेवटचा प्रश्नच खरा आहे बघा. तुटलेली वायर जमिनीवर पडली की बऱ्याचदा करंट इतका कमी जातो की फ्यूज उडतच नाही, वायर तशीच जिवंत पडून राहते. म्हणून रस्ता ओलांडणाऱ्या लाइनखाली अर्थिंग केलेल्या तारांचं गार्डिंग लागतं, वायर आधी त्याच्यावर पडते आणि लाइन ट्रिप होते. तुमच्या रोडवर आहे का ते, एकदा वर मान करून बघा.